नुसतं ‘आकृती पाहा’

पौर्णिमा तशी शांत पोरगी. पण अर्थशास्त्राची चाचणी झाली त्या दुपारी अमरावतीच्या एका कॉलेजच्या व्हरांड्यात तिनं वर्गातल्या किशोरला सगळ्यांसमोर अडवलं.

तिची वर्गमैत्रीण आचल हिला जन्मापासून दिसत नाही. मोबाइल तिला मजकूर वाचून दाखवतो. पुस्तक फक्त छापील. म्हणून पानांचे फोटो काढून मजकूर करून द्यायचं काम काही जणांनी वाटून घेतलं होतं. बाजाराचा धडा किशोरकडे होता. त्यानं ॲपमधून निघाला तसा मजकूर पाठवून दिला. पान दोन रकान्यांचं, अन् ॲपनं डावीकडची अर्धी ओळ उजवीकडच्या अर्ध्या ओळीला जोडत वाचलेलं. आकृतीच्या जागी नुसतं ‘आकृती पाहा’. आचलनं तेच पाठ केलं आणि पेपरात तेच लिहून आली.

किशोर म्हणाला, सरांनी तिला आकृतीचा प्रश्न माफ केलाच आहे. पौर्णिमानं त्याचाच मजकूर मोबाइलवर लावला.

“सांग आता, काय समजलं तुले?”

 धडा तिनं त्याच्याकडून काढून घेतला.

रविवारभर ती बसली. आधी डावा रकाना पूर्ण, मग उजवा. मधली चौकट परिच्छेद संपल्यावर, ‘चौकट सुरू’, ‘चौकट संपली’ असं सांगून. आकृतीच्या जागी लिहिलं : किंमत वाढली की मागणी घटते व पुरवठा वाढतो.

सोमवारी वाचनालयात आचलच तिच्यावर भडकली.

“हे तं तू उत्तर सांगून राहिली. कागदावर काय काढलं हाय, ते सांग. अर्थ माहा मी काढीन.”

“अख्खा रविवार घातला मी ह्याच्यात.”

“तुहे उपकार नाही पाहिजे मले. आकृती पाहिजे.”

 पौर्णिमा उठून गेली. घरी पुन्हा फोटो उघडला तोही रागातच, आणि लिहिलं : आडव्या अक्षावर नग, उभ्या अक्षावर किंमत. मागणीची रेषा डावीकडून उजवीकडे उतरते, पुरवठ्याची चढते. दोन्ही एका बिंदूत छेदतात. तिथून दोन्ही अक्षांपर्यंत तुटक रेषा.

दुसऱ्या दिवशी आचलनं ते ऐकत टेबलावर बोटानं रेषा ओढल्या आणि विचारलं, तुटक रेषा किमतीच्या अक्षावर कुठं टेकते? ते राहिलंच होतं. पौर्णिमानं ‘तीस रुपये’ घातलं.

मग दोघी सरांकडे गेल्या. माफी नको, प्रश्न विचारा, असं आचल म्हणाली. सरांनी कुरकुरत विचारलं : पुरवठ्याची रेषा उजवीकडे सरकली तर?

“नवा बिंदू खाली अन् उजवीकडे. किंमत उतरते, नग वाढतात.”

सरांनी गुण दिले. वर लहान पोरीला म्हणावं तसं “शाबास बेटा” म्हणाले.  जिना उतरताना आचलनं पौर्णिमाचा दंड घट्ट धरला होता.

त्या आठवड्यात किशोरनं पुढचा धडा पौर्णिमाकडे पाठवला. रकाने नीट होते, पण तक्त्यातले आकडे मथळ्यांशिवाय सलग ओतलेले. ‘प्रत्येक आकड्याआधी त्याचा मथळा लिही’ म्हणून तिनं तो परत पाठवला.