ओल्या कातळावरचे पाचशे किलोमीटर

बुटांवरून मारामारी झाली म्हटलं की लोक हसतात. माझ्या ओठाला टाके पडले तेव्हा मला काही हसू आलं नव्हतं.

माझ्या मित्राचं औरंगपुऱ्यात खेळाच्या सामानाचं दुकान आहे. डोंगरात पळायचे नवे बूट त्यानं भरले आणि एक जोड मला दिला. ऊन-पावसात पाचशे किलोमीटर पळ, मग आपल्या पळणाऱ्यांच्या ग्रुपवर काय ते लिही, म्हणाला. उन्हाळ्यापासून श्रावणापर्यंत मी शहराबाहेरचा सातारा डोंगर तुडवला. रविवारी तिथंच शर्यत होती आणि त्याची मुलगी तेच बूट घालून पळणार होती. मला काळजी तिचीच होती.

परीक्षण टाकण्याआधी दुकानदाराला वाचून दाखवायचं, हा आमचा रिवाज. शुक्रवारी सकाळी तो मुलीला घेऊन सरावाला आला होता, तिच्याही पायात तेच नवे बूट होते. डोंगरमाथ्यावर, भुरभुर पावसात मी मोबाइल काढून वाचायला लागलो. कोरड्या मुरमावर झकास. आत शिरलेलं पाणी लगेच निघतं. करंगळीपाशी जाळी फाटली, टाचेखालची गादी दबली, तळाचे दाते निम्मे झिजले, पण एवढं पळल्यावर हे चालायचंच. ओल्या कातळावर मात्र पहिल्या पावसापासून घसरतात. रबरच कडक आहे. पावसात उतारावर घालू नका.

"तुझे दाते झिजलेत म्हणून घसरतात!" तो ओरडला. "नव्याला काय बी होत नाय. माझं दुकान बुडवतो का?"

"पोरगीला मारतो का?" मी म्हणालो.

त्यानं ठोसाच मारला. तोंडात रक्ताची चव आली तसं माझंही डोकं फिरलं. मी त्याची कॉलर धरून त्याला चिखलात आडवा केला, छातीवर बसलो आणि दोन ठेवून दिल्या. मुलगी माझा दंड ओढत रडत होती, "काका, सोडा! बाबा मरतील!"

मी सोडलं. तो उठला, थुंकला. त्याच्या पायात तेच बूट होते, कालच खोक्यातून काढलेले.

"बघ आता," म्हणत तो खालच्या काळ्या, पाणी वाहणाऱ्या कातळावरून सुसाट पळत सुटला. पाचव्या-सहाव्या पावलाला त्याचे दोन्ही पाय एकदम सुटले. तोंड दगडावर आपटल्याचा आवाज मला वरपर्यंत आला.

मुलगी किंचाळत त्याच्याकडे धावली.

"थांब!" पुढचे दात पडलेल्या तोंडानं तो गुरासारखा ओरडला. "पळू नको! आधी बूट काढ!"

ती जागीच खाली बसली. रडत रडत तिनं नाड्या सोडल्या आणि अनवाणी, एकेक पाऊल टाकत, बापापाशी पोचली.