आठ मिनिटांची नोटीस

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हा मी एका ठेकेदार कंपनीच्या वायरलेस ऑफिसात कच्चा ऑपरेटर होतो. ऑफिस म्हणजे भिलाई-३च्या रेल्वे साइडिंगजवळची पत्र्याची खोली. आमचा शॉर्टवेव्हवरचा संपर्क विशाखापट्टणमच्या बंदराशी, कारण यंत्रं तिथे जहाजातून उतरत आणि वॅगनींतून इकडे येत. आम्ही दोघं ऑपरेटर, दोघंही कच्चे, आणि पक्की जागा एकच. ती मिळाली की सेक्टर दोनमध्ये क्वार्टर मिळणार होतं, आणि माझी बायको लग्नापासून माहेरीच होती.

दुसरा ऑपरेटर माझ्यासारखा नागपूरकडचाच, वयाने मोठा, लष्कराच्या सिग्नलमधून आलेला. मी त्याला दादा म्हणायचो. एका डब्यात जेवायचो आम्ही. त्या जागेवरून आमच्यात कधी वाकडा शब्द गेला नव्हता, याचा मला तेव्हा फार अभिमान होता.

त्या दिवशी सकाळीच साइडिंगचा एक रूळ खचला. क्रेनचे भाग असलेली गाडी आज सोडू नका, असा निरोप बंदराला द्यायचा होता. मी हेडफोन उचलला तर दादा म्हणाला, "ठेव ना बे. गाडी दुपारी सुटते. मीच पाठवतो, आधी चहा घिऊन येतो." चहावरून पत्त्यांचा डाव रंगला आणि दादा आलाच नाही. शेवटी मीच निरोप पाठवायला बसलो, तर भर दुपारी बंदर एकदम गप्प झालं. दुसरं स्टेशन लावलं, तेही गप्प. नेहमीची सूं-सूंसुद्धा बसली. सेट मेला समजून मी मागचं झाकण काढलं आणि व्हॉल्व्ह बाहेर काढून पाहू लागलो. पहिल्यांदा असं झालं की प्रत्येक ऑपरेटर हेच करतो.

दादा आत आला आणि हसायलाच लागला. "सेटले काय झालं नाही. सूर्यावर भडका उडला. काहून घाबरून राहिला?" मग त्याने नीट समजावलं. सूर्य पंधरा कोटी किलोमीटर दूर. उजेड सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावतो, तरी इथे यायला त्याला आठेक मिनिटं लागतात. भडक्यातले क्ष-किरणही त्याच वेगाने येतात, वरच्या हवेचा थर बिघडवतात आणि तो थर आपल्या लहरी गिळून टाकतो.

"मंग आठ मिनिटं आधी समजत असन ना?" मी विचारलं.

"सांगनार कोन तुले? भडका दिसतो तो बी त्याच उजेडानं. दिसला तवा तो पोचलाच. अजून धूळ येते मागून, दीड-दोन दिवसांनी. तिची मात्र खबर असते."

ट्रंककॉल संध्याकाळपर्यंत लागणार नव्हता. तासाभराने बंदराचा आवाज हळूहळू परत आला, तोवर गाडी सुटली होती. ती येऊन खचलेल्या रुळामागे अडकली आणि सगळं साइडिंग तुंबलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं कंपनीच्या साहेबांपुढे उभे राहिलो. निरोप सकाळीच का गेला नाही, हे दादा सांगेल म्हणून मी गप्प होतो. दादाने घसा खाकरला.

"साहब, ये सूरज का मामला है. रोशनी को आठ मिनट लगते हैं. होशियार ऑपरेटर को आठ मिनट मिलते हैं. इसने तो सेट ही खोल डाला."

साहेबांना हे एकदम पटलं. आठ मिनिटं म्हणजे हिशोबाची गोष्ट! माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी म्हणालो, "साहब, खबर भी तो उसी रोशनी से आती है. पहले कौन बताएगा?"

साहेबांनी दादाकडे पाहिलं. "क्या ये ठीक बोल रहा है?"

दादा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाला, "बहाना है, साहब."

सकाळचा चहा आणि पत्ते मी सांगायला गेलो, पण आता तोही बहाणाच ठरला. महिनाअखेरीस काम सोडायचं, असं मला सांगण्यात आलं.

तोवरही माझं वेडं मन म्हणत होतं, दादा गोंधळला असेल, सगळं त्यालाही नीट ठाऊक नसेल. मग पुढच्या सकाळी त्याने बंदराचे सगळे निरोप घाईघाईने उरकले. दुपारी आवाज विरू लागला, कडकड सुरू झाली आणि संध्याकाळपर्यंत काही धड ऐकू येईना. मागची धूळ आली होती. साहेबांनी खोलीत येऊन माझ्यादेखत दादाची पाठ थोपटली. "इसको कहते हैं होशियार ऑपरेटर."

साहेब गेल्यावर दादाने डबा उघडला आणि अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली. "खाऊन घे," म्हणाला, "क्वार्टर मले भेटलं."