वाजणारं नाणं

नावेच्या धक्क्यावर तिकीट खिडकीत बसणारीला सगळे खणखणमावशी म्हणत. बावीस वर्षं ती नाणं दगडी फळीवर टाकून आवाजावरून खरंखोटं ओळखायची. नजर अधू झाली होती, पण कान तिखट.

त्या वर्षी सरकारनं नवी नाणी काढली. आकार तोच, आकडा तोच. चांदी मात्र निम्मीच, बाकी तांबं. कायद्यानं दोन्हींची किंमत सारखी. नवं नाकारलं तर दंड.

पहिल्या आठवड्यात फळीवर दोन्ही आवाज येत. महिन्याभरात उरला फक्त नव्याचा बद्द आवाज. कुणी काही बोललं नाही, ठरवलं नाही. पण जो तो जुनं ठेवून नवं पुढे सरकवत होता. तिकीट दोन्हींत तेवढंच मिळणार, मग चांदी कोण हातची सोडेल? मावशीनंही गल्ल्यात स्वतःची नवी सतरा टाकून सतरा जुनी उशीत शिवली होती. हिशेब चोख, मन मात्र नाही.

हळूहळू गावाचं वागणंच बदललं. दुपारीसुद्धा दारांना आतून कड्या. शेजारीण साखर मागायला आली की तिची नजर आधी जमिनीवर फिरायची, नाणी पुरायला कुठे ताजं उकरलंय का ते बघत.

एका दुपारी फळीवर खण्ण झालं.

रांगेतली कुजबुज एकदम थांबली. समोर एक म्हातारी होती, दोन वर्षं डोंगरातल्या आडगावी लेकीकडे राहून परत नदीपलीकडे घरी निघालेली.

"आजी, हे राहू द्या. तिकीट माझ्याकडून," मावशी पुटपुटली.

"का गं बाई? खोटं आहे का? आमच्या ह्यांनी घरात शंभर साठवलीत असलीच!"

रांग हलली नाही. मग मागून कुणीतरी अगदी गोड आवाजात विचारलं, "आजी, घरी कोण कोण असतं तुमच्या?"

मावशीनं खिडकीतून डोकं बाहेर काढून, डोळे बारीक करून पाहिलं. माणसं ओळखीचीच होती, सगळी हसत होती, आणि एकाचीही पापणी लवत नव्हती.

तिनं खिडकी बंद केली आणि आजीबरोबर नावेत बसली. सगळी रांग नावेत आली, उतरून म्हातारीच्या दारापर्यंतही आली. मावशीनं साठवलेल्या नाण्यांची कळशी बाहेर आणायला लावली आणि भर उजेडात चांदी गाळणाऱ्याच्या दुकानात नेली. त्यानं तोलून शंभर जुन्यांची एकशे चाळीस नवी मोजली.

"नवीच? ही काय कामाची?" म्हातारी रडवेली झाली.

"बाजारात चालतील, आजी. आणि यांच्यासाठी तुमच्या दाराशी कुणी उभं राहणार नाही."

गाळणाऱ्यानं जुनी मुशीत ओतली. बाहेर जमलेली माणसं ती वितळेपर्यंत बघत राहिली. मग एकेक जण घरी गेला.

त्या रात्री मावशीनं उशी उसवली आणि सतरा जुनी सकाळी गाळणाऱ्याकडे न्यायला काढून ठेवली. झोप मात्र तिला पहाटेपर्यंत लागली नाही; दाराशी पाऊल वाजतं का, तेच ती ऐकत होती.