पाइपावर बर्फ, खोलीत उकाडा

उन्हाळ्यात आमचं घर सकाळी सातला फोनच्या आवाजानं उठतं आणि मग दिवसभर तो आवाज काही पाठ सोडत नाही. माझा नवरा ए.सी. दुरुस्त करतो. कारंज्यात त्याला पुष्कळ लोक ओळखतात. त्याला मणक्याचा त्रास सुरू झाला, डॉक्टरांनी शिडी चढायला मनाई केली, तेव्हा मी त्याच्यासोबत जायला लागले. आधी नुसती सामान उचलायला, मग हातात पाने-पक्कड द्यायला, आणि शेवटी शिडीवर मीच. खालचं काम त्याचं, वरचं माझं. लोक पहिल्यांदा बिचकतात, मग सवय होते. मलाही झाली. पण मे महिना लागला की खांदे दुखायला लागतात ते आभाळ भरून येईपर्यंत दुखतातच. त्या वर्षी तर ऊन असं होतं की पान्याला हात लावला तरी चटका बसायचा.

त्या दिवशी सकाळी पहिला फोन मानोरा रोडवरच्या एका काकांचा होता. ते एस.टी.त कंडक्टर होते, निवृत्त होऊन काही वर्षं झालेली. "पाइपावर बर्फ जमून राह्यला अन् खोलीत थंडक नाही," एवढंच बोलले. बर्फाची तक्रार आम्हाला नवी नव्हती. नवऱ्यानं मला विचारलं, "आधी इकडं जायचं का बाजारातल्या दुकानात?" मी म्हटलं, घर जवळ आहे, उरकून टाकू. खरं तर मला त्या दिवशी सगळंच उरकून टाकायचं होतं.

खोलीत शिरलो तर पलंगावर तिशीची मुलगी. मानेखाली हलत नव्हती. कामावरून येताना गाडीवरून पडली आणि मानेतली नस गेली, असं काकांनी दारातच हळू आवाजात सांगितलं होतं. आई आधीच वारलेली. बाप-लेक दोघंच.

"हिच्या अंगाले घामच येत नाही," काका म्हणाले. "खांद्याच्या खाली तर काहीच नाही. खोली तापली का ही तापते. काल ताप चढला होता. डॉक्टर म्हणतात, खोली थंड ठेवा, दुसरं औषध नाही."

मुलगी माझ्याकडं बघत होती. "ताई, तुमी चढता का वर?" तिनं विचारलं.

"मीच चढते," मी म्हटलं.

"मंग बरं. आधीचा मानूस माह्याकडे पाहेच ना."

बाहेरचं युनिट मागच्या अंगणात, जमिनीपासून हातभर उंच लोखंडी घोडीवर बसवलेलं होतं. नवरा त्याच्यासमोर स्टूल टाकून बसला. बारीक पाइपाच्या नटावर हिमाचा पांढरा थर धरलेला, ते कमी गॅसचं लक्षण. पण जाड पाइपही बर्फानं मढलेला होता, पार युनिटापर्यंत. तो असा मढतो तेव्हा बहुतेक आत हवा फिरत नसते. नवऱ्यानं दोन्हींवर बोट फिरवलं आणि डोळे मिटून घेतले. थकला की तो तसं करतो. "एक दुखनं नाही हे," तो म्हणाला.

काका म्हणाले, "गॅस भरून द्या न भाऊ. दरसाली तेच करते तो मानूस. गॅस संपते म्हने."

"काका, गॅस संपत नाही," नवरा म्हणाला. "त्यो काही पेट्रोल नाही जळाले. कमी झाला म्हंजे कुठून तरी निघून राह्यला."

मी आत जाऊन शिडी लावली. पुढचं झाकण उघडलं तर जाळी दिसेचना. जाळीवर पांढऱ्या बनातीसारखा थर बसला होता. मुलीच्या पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काका दिवसातून कितीदा तरी पावडर लावत, चादरी झटकत. ती सगळी पावडर, पट्ट्यांच्या कापसाचे धागे, सगळं तिथं जाऊन बसलेलं. जाळीच्या मागं, हवा थंड करणाऱ्या कॉइलवर बर्फाची लादी.

"हे धुवाचं असते का?" काका खालून बघत होते. "मले वाटलं, उघडलं तर तुटन."

त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं, त्यात त्यांचा काय दोष. कूलिंग बंद करून नुसता पंखा चालू ठेवला, पलंग भिंतीकडं सरकवला, खाली घमेली-बादल्या मांडल्या. जाळी अंगणातल्या नळाखाली धरली तर पाणी दुधासारखं वाहिलं. सावलीत वाळत घातली. बर्फ वितळून थेंब पडायला लागले आणि खोलीत उकाडा वाढला. मुलीचे गाल लाल झाले होते. काका ओल्या फडक्यानं तिचे हात पुसत होते. त्या हातांना ते कळत नव्हतं, पण काका पुसत होते.

बर्फ गेला, जाळी बसवली, ए.सी. पुन्हा सुरू केला. हवा आली, पण दमलेली. पंखा सगळ्यात जास्त वेगावर ठेवला तरी पलंगापर्यंत पोचेना.

तेव्हा ती मुलगी म्हणाली, "त्याचा आवाजच बदलला हाये. होळीपासून."

"कसा?" मी शिडीवरूनच विचारलं.

"आधी एकसारखा वाजे. आता घासल्यावानी वाजते. दुपारी तर कधी कधी बंदच होते, मंग जरा वेळानं आपोआप सुरू होते. म्या बाबाले सांगतलं, त्या मेकॅनिकलेबी सांगतलं. तो म्हने, तुमाले काय कळते, गॅस कमी हाये."

काका फडकं हातात धरून उभे राहिले. "तू बोलली व्हती," ते म्हणाले. "मले वाटलं, पडून पडून कान वाजतात तुये."

मी मेन स्वीच बंद करून आतला लांब गोल पंखा बोटानं फिरवला. चांगला पंखा एकदा ढकलला की थोडा वेळ फिरत राहतो. हा बोट काढताच थांबला, आणि आत काहीतरी खरखरलं. मोटरचा कडेचा भाग हाताला भाजत होता. नवऱ्यानं मीटर लावून मोटरला जोर देणारा कॅपॅसिटर तपासला, तो चांगला निघाला. म्हणजे मोटरच. बेअरिंग गेलेलं. तापली की स्वतःहून थांबायची, निवली की पुन्हा चालायची. ती थांबली की कॉइलवर हवा नाही, हवा नाही की बर्फ. मुलीनं ऐकलेलं शंभर टक्के बरोबर होतं.

काका म्हणाले, "सध्या गॅस तर भरा. तेवढीच थंडक."

नवऱ्यानं मान हलवली. "हवा कमी असली का गेजवर प्रेशरबी कमीच दिसते. आता अंदाजानं भरला तर जास्त होईन, अन् उद्या कॉम्प्रेसर बसन. आधी मोटर, मंग गॅस."

त्यानं मोटरवरच्या पट्टीचा फोटो काढून अकोल्याच्या एका दुकानदाराला पाठवला. कारंज्यात ती मोटर मिळणार नव्हती. दुकानदार म्हणाला, आहे, पण आणणार कोण? त्यावर काकांनी पहिल्यांदा मान ताठ केली. स्वतःचा फोन काढला आणि अकोल्याच्या गाडीवरच्या कुणा जुन्या सोबत्याला म्हणाले, "अरे, तुई दुपारची गाडी हाये न कारंज्याची? एक डबा आन बाप्पा. पोरीसाठी हाये." पलीकडचा माणूस एक शब्दही न विचारता हो म्हणाला असावा, कारण फोन लगेच ठेवला गेला.

पण दुपार मधे होती. गच्चीवर त्यांचा जुना कूलर पडलेला होता, ए.सी. आल्यापासून अडगळीत गेलेला. मी आणि काकांनी तो जिन्यावरून उतरवला. काकांना धाप लागली, मला तर रडूच येईलसं वाटलं, इतकी पाठ भरून आली होती. नवऱ्यानं पंप साफ केला, मी खिडकीत कूलर बसवून पाणी भरलं. गवताचे पडदे भिजले आणि बरी हवा सुटली. कूलरनं अंथरूण ओलसर होतं, जखमांना ते वाईट, पण एका दुपारपुरतं चालवून घ्यायचं होतं. मी तिच्या कपाळावर, मानेवर ओलं फडकं ठेवत राहिले.

"इथं कळते मले," ती म्हणाली. "मानेवर."

फोन वाजत होते. बाजारातला दुकानदार ओरडला, एका लग्नघरून तीनदा फोन आला. नवरा प्रत्येकाला एकच सांगत होता, "आज जमत नाही."

तेवढ्या वेळात आम्ही गॅसचं काम धरलं. बाहेरच्या भिंतीवर पाइपांचा जोड होता, त्याच्यावरची पट्टी सोडली तर नटाभोवती तेलाचा काळसर डाग. साबणाचं पाणी लावलं तर एक बारका बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. दरसाली भरलेला गॅस इथूनच गेला होता. काकांनी देवासमोर उदबत्ती लावलेली होती, ती मी विझवायला सांगितली, कारण हा गॅस पेट घेऊ शकतो. उरलेला गॅस रिकाम्या सिलिंडरमध्ये काढून घेतला. पाइपाचं चिरलेलं तोंड कापून नवं तोंड केलं, दोन पान्यांनी नट आवळला. मग गळती पाहायला पाइपात नायट्रोजन भरून पुन्हा साबण लावला. या वेळी बुडबुडा आला नाही. नवऱ्यानं पाने पुसून पेटीत ठेवले.

काका स्टँडवरून मोटर घेऊन आले तेव्हा उन्हं कलली होती. छातीशी धरून आणली होती त्यांनी. मी पंखा बाहेर काढून धुतला, त्याच्या पात्यांमध्येही पावडर थापलेली होती. जुनी मोटर काढून नवी बसवली. एक स्क्रू दोनदा खाली पडला. बाहेर नवऱ्यानं व्हॅक्यूम पंप लावून पाइपातली हवा आणि ओल ओढून काढली आणि वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून, युनिटच्या पाटीवर लिहिलंय तेवढाच गॅस मोजून भरला.

स्वीच लावला. पंखा फिरला. मुलीनं डोळे मिटले होते.

"हं," ती म्हणाली. "हाच."

थोड्या वेळानं बाहेरच्या जाड पाइपावर दव धरलं, नुसतं पाणी, बर्फ नाही. खोली हळूहळू निवली. काकांनी मुलीला तापमापी लावली आणि ती मला दाखवली. ताप उतरत होता. मग ते मोरीत गेले आणि बराच वेळ नळ चालू राहिला.

जाळी कशी काढायची ते मी त्यांना दाखवलं, त्यांच्याकडून दोनदा काढून-बसवून घेतली. ते चहा ठेवायला गेले. मी भिंतीला टेकून जमिनीवर बसले, पाय पसरले. सकाळपासून पहिल्यांदाच बसले होते. थंड हवा तोंडावर येत होती.

मला झोप लागली ते कळलंच नाही. जाग आली तेव्हा माझ्या अंगावर चादर होती आणि चहा झाकून ठेवलेला, केव्हाचा थंड झालेला. काका उंबऱ्यात बसले होते. मी दचकून उठायला लागले.

"झोपा न," मुलगी पलंगावरून म्हणाली. "म्याच म्हटलं, कोनी बोलू नका म्हनून. तुमचे हेबी बाहेर वट्ट्यावर बसले हायेत. त्याइले बोलावू का?"

"राहू दे," मी म्हटलं आणि तो थंड चहा पिऊन टाकला.