क्रुसाजवळ बंद पडणारी स्कूटर

भाईंदर पूर्वेच्या खारीत माझं इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करायचं दुकान आहे. दुकान म्हणजे शटर, टेबल, सोल्डरिंगचा धूर आणि मी. भुताखेतांवर माझा विश्वास नाही असं मी गिऱ्हाइकांना सांगतो. आम्ही मूळचे रत्नागिरीकडचे, त्यामुळे घरच्यांना तसं सांगायची सोय नाही.

उत्तनची एक मावशी तिची स्कूटर टेम्पोत घालून माझ्याकडे घेऊन आली. ती रोज सकाळी मासळीचा टब मागे बांधून भाईंदर पश्चिमेला यायची, विकून झालं की परत. गाडी बंद पडते म्हणाली. कुठे, विचारलं तर म्हणाली, चढावर, रस्त्याकडेच्या क्रुसाजवळ. रोज तिथेच. मग थोडा वेळ उभं राहिलं की आपोआप चालू होते.

"सकाळी जातानाही चढ लागतो ना?" मी विचारलं.

"सकाली न्हाय पडत. तो बाजाराला जाऊ देतो. घरी येताना थांबवतो."

तो म्हणजे कोण, हे मला जरा उशिरा कळलं. तिचा वारलेला नवरा. जायच्या आधीची दोन वर्षं त्याला दम लागायचा. दोघं चालत घरी यायचे तेव्हा तो क्रुसाच्या पायरीवर बसायचा आणि तिलाही बसवायचा. आता सून म्हणत होती, गाडी विकून टाका. मावशी म्हणत होती, त्याच्याच मनात नसेल तर मी धंदाच बंद करते. ती हे भाजीत मीठ कमी पडलंय अशा सुरात बोलली, म्हणून मला जास्त कसंतरी झालं.

मी माझ्या विद्येला स्मरून निदान केलं. बॅटरीत संरक्षणाचं एक सर्किट असतं, त्याला आम्ही बोर्ड म्हणतो. करंट जास्त ओढला गेला की बोर्ड पुरवठा तोडतो. चढ, मागे टब, मोटर जोरात ओढणार. सरळ आहे. मी मोठ्या क्षमतेचा नवा बोर्ड टाकला, मोबाइलवर प्रत्येक सेलचे आकडे दाखवणारा, आणि तिच्यासमोर त्याची अशी जाहिरात केली की जणू मीच तो बनवला होता. मग दुकानाच्या रीतीप्रमाणे बॅटरी फुल्ल चार्ज केली, दुकानाजवळच्या इंद्रलोक वस्तीतल्या सपाट रस्त्यांवर एकटाच दोन फेऱ्या मारून आलो. गाडी वाऱ्यासारखी. दिली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिचा फोन. क्रुसाजवळच उभी होती.

गाडी परत आली. मी परत फुल्ल चार्ज केली, परत फिरवली, परत वाऱ्यासारखी. सगळे सेल मीटरने मोजले, सगळे सारखे. आता मला राग यायला लागला. राग आला की माझ्यासारखा माणूस एक शॉर्टकट करतो: बोर्डाच्या आत जाणारी आणि बाहेर येणारी निगेटिव्ह तार एकमेकींना जोडायची. मग बोर्ड नुसता शोभेला राहतो, काहीच तोडू शकत नाही. मी वायर सोलून हातात घेतली आणि मावशीला म्हटलं, आता बघा, कोणाची हिंमत नाही थांबवायची.

ती स्टुलावरून उठली. "थांबवनाराच काढून टाकशील?"

"मग बंद पडणार नाही ना."

"नको. तो कशासाठी थांबवतो ते बघ आधी. चल माझ्यासंगं."

मला हसायला हवं होतं. पण मी वायर खाली ठेवली, आणि ती का ठेवली हे मला आजही नीट सांगता येत नाही.

पुढच्या दिवशी ती नेहमीसारखी बाजार करून निघाली, मी भाईंदर पश्चिमेला मागे बसलो. रिकामा टब मांडीवर, हातात मोबाइल. रस्त्यात माझ्या ओळखीचे दोघे भेटले, त्यांनी विचारलं, काय रे, मासे विकायला लागलास? मी मान हलवली.

उत्तनकडे आलो तोवर ऊन उतरलं होतं. मोबाइलवर सेलचे गट एकाखाली एक दिसत होते. एक गोष्ट मात्र आता दिसली, जी दुकानात कधीच दिसली नव्हती: सातवा गट बाकीच्यांपेक्षा खाली होता. बाकीचे साडेतीन व्होल्टच्या वर, हा त्याच्या थोडा खाली. चढ सुरू झाला. बाकीचे जरासे वाकले. सातवा सुटला. तीन पूर्णांक एक. तीन. दोन पूर्णांक नऊ. कोणीतरी विहिरीत दोर सोडावा तसा, थांबत नव्हता. समोर क्रूस दिसायला लागला. दोन पूर्णांक आठ.

गाडी मेली. आवाज नाही, धक्का नाही. फक्त चाकांची घरघर संपली, आणि पलीकडून समुद्र ऐकू आला.

मावशीने पाय टेकले. तिच्या दृष्टीने हे रोजचंच होतं. ती क्रुसाकडे बघत राहिली, मी मोबाइलकडे. गाडीला कोणी हात लावला नव्हता, आणि सातवा आकडा हळूहळू वर येत होता. दोन नऊ. तीन. तीन एक. कुणीतरी पायरीवर बसून श्वास परत मिळवावा तसा. खाली बोर्डाचा संदेश होता: सेल व्होल्टेज कमी. करंटचा तिथे उल्लेखही नव्हता. ठरलेल्या आकड्यावर व्होल्टेज परत आलं, आणि गाडीची स्क्रीन आपोआप उजळली.

"झालं," मावशी म्हणाली. "बसला थोडा."

बॅटरी मी दुकानात उघडली. प्रत्येक गटात पाच सेल शेजारी जोडलेले. सातव्यात दोन सेलांची निकेल पट्टी वेल्डिंगपासून सुटलेली, दिसायला जागच्या जागी, पण जोड नाही. म्हणजे पाच जणांचं काम तिघं करत होते. फुल्ल चार्ज झाल्यावर तिघंही टवटवीत, म्हणून सकाळी चढ पार. बाजारापर्यंत जाऊन परत येईस्तोवर बाकीचे गट अर्धे, हा जवळजवळ रिकामा. त्यात चढ आला की कोसळायचा. भार सुटला की सावरायचा. आणि मी, शहाणा, प्रत्येक वेळी त्याला पोटभर जेवायला घालून मग विचारत होतो, भूक लागते का.

सोललेली वायर टेबलावर तशीच पडली होती. ती जोडली असती तर गाडी क्रुसाजवळ थांबली नसती. ते तीन सेल रोज तळाच्याही खाली ओढले गेले असते, आतून खराब झाले असते, आणि एखाद्या रात्री चार्जिंगला लावल्यावर, तिच्या सीटखाली, घरात, पेटले असते. थांबवणारा बरोबर होता. कोण थांबवत होता त्याचं मात्र मी उत्तर देणार नाही.

तो गट पूर्ण काढून नव्या जुळत्या सेलांचा गट बसवला, पट्ट्या ओढून ओढून तपासल्या. या वेळी फुल्ल चार्जवर चाचणी केली नाही. अर्धी रिकामी करून, मावशीला पुढे बसवून, टबात वजन टाकून त्याच चढावर गेलो. सातवा बाकीच्यांबरोबर वाकला, बाकीच्यांबरोबर उभा राहिला. क्रूस आला, गेला. गाडी थांबली नाही.

वर पोचल्यावर मावशीने स्वतःच ब्रेक लावला. रोज क्रुसाजवळ टेकायची तसे पाय टेकले. मला वाटलं, मी तिचं काहीतरी नेलं. विचारलं, मावशी, गाडी ठेवणार ना?

"ठेवनार. उद्या बाजार हाय." मग म्हणाली, "आता त्याला एकट्यालाच चढून यावं लागंल."

ती मागे वळून चढाकडे बघत होती. तिच्या पाठीमागे बसून मी आकडे वाचत होतो, सगळे सारखे, सगळे बरोबर. मी वळून बघितलं नाही.