आयपी अ‍ॅड्रेसवरून काढलेला पुण्याचा पत्ता

मध्य प्रदेशातल्या देवासच्या एका शाळेत मी कॉम्प्युटर शिकवत होते. शेजारच्या काकूंचा तेवीस वर्षांचा मुलगा वडिलांशी भांडून घर सोडून गेला होता. सहा महिने काहीच खबर नव्हती. मग त्याच्या बहिणीला ईमेल आला: ‘मी बरा आहे. शोधू नका.’

काकू तिला घेऊन लॅबमध्ये आल्या. “कुठून पाठवलंय, ते कळेल का गं?”

मी मेलच्या एरवी न दिसणाऱ्या ओळी उघडल्या. त्यांत पाठवणाऱ्याचा आयपी अ‍ॅड्रेस सापडला. तो नंबर कुणाच्या नावावर आहे, ते एका साइटवर शोधलं, तर पुण्याच्या एका इंटरनेट कंपनीचं नाव आणि पत्ता आला. माझ्याच हुशारीवर खूष होऊन मी तो छापून काकूंच्या हातात दिला. कंपनीचा आहे, एवढंच सांगितलं. मुलगा तिथे नसेल, हे काही बोलले नाही.

दुसऱ्याच दिवशी काका-काकू पुण्याला निघाले. सोबत मुलासाठी बेसनाचे लाडू. गेटवरचा माणूस म्हणाला, “मावशी, हे ऑफिस आहे. आमचं नेट हजारो लोक वापरतात, गावोगाव.” दोघं संध्याकाळपर्यंत समोरच्या फुटपाथवर बसून राहिले, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे चेहरे बघत.

परतल्यावर काकू रागावल्या नाहीत. “छापलेलं होतं ना बेटा, म्हणून आम्हाला वाटलं,” एवढंच म्हणाल्या. मला मान वर करवेना.

पुढे काकांच्या तक्रारीवरून पोलिसांनी कंपनीला पत्र लिहिलं. त्या वेळी तो नंबर एका सायबर कॅफेकडे होता, असं उत्तर आलं. कॅफेत दहा कॉम्प्युटर, सगळ्यांचा बाहेर दिसणारा नंबर एकच, आणि कोण आलं-गेलं याची नोंद नाही. शोध तिथेच संपला.

त्याच वर्षी शाळेनं मला नववीच्या मुलांसमोर दहा मिनिटं बोलायला सांगितलं. बोलायचं हिंदीत होतं, पण मी आधी मराठीत लिहून काढलं:

‘मुलांनो, आयपी अ‍ॅड्रेसवरून कनेक्शन कोणत्या कंपनीचं, ते कळतं. शहराचा अंदाज येतो, तोही कधी चुकतो. घर कळत नाही. कीबोर्डवर कोण बसलं होतं, ते कळत नाही. तो नंबर कधी कुणाला दिला होता, हे कंपनीच्या नोंदीत असतं, आणि ती नोंद पोलिसांनी रीतसर मागितली तरच मिळते. म्हणून नंबर पाहून कुणावर आळ घेऊ नका. आणि कुणाला आशाही लावू नका.’

शेवटचं वाक्य मोठ्या मॅडमनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, खोडलं. “मुलांना हे कशाला?” म्हणाल्या.

भाषण झाल्यावर एका मुलीनं विचारलं, “मॅडम, जो नहीं चाहता कि उसे ढूँढें, उसे ढूँढना ठीक है क्या?”

काकूंच्या मुलाचा पुन्हा मेल आला नाही. दर रविवारी त्याची बहीण देवासमधल्याच एका कॅफेत जाऊन खातं उघडून बघायची, आणि काकू बाहेर रिक्षात बसून तिची वाट पाहायच्या.