भाचीचं कोटेशन

पुण्याची नोकरी सोडून घरी अमरावतीला आले आणि फ्रीलान्स वेबसाइटची कामं घ्यायला लागले, तेव्हापासून मी एक गोष्ट जिवापाड लपवली आहे, ती म्हणजे माझं गाव. वय विचारा, सांगेन. लग्न का नाही केलं विचारा, तेही तोंड वाकडं करत सांगेन. पण गाव नाही. कारण वऱ्हाडातला क्लायंट वेबसाइटबद्दल नंतर बोलतो, आधी विचारतो, "कुठल्या तुमी?" अमरावती सांगून भागत नाही. "अमरावती तं झालं, मूळ कुठल्या?" तिथून आत्या, मामेसासरे, साडभाऊ अशी वळणं घेत कुठेतरी नातं निघतंच. नातं निघालं की काम "घरचंच" होतं आणि घरच्या कामाचे पैसे मागणारी मुलगी पुण्याला जाऊन बिघडलेली ठरते.

वलगावच्या एका कृषी केंद्रवाल्याने मला हे शिकवलं. "अंदाजे तं सांगा," एवढंच तो म्हणाला आणि मी मूर्खासारखा आकडा बोलून गेले. काम काय, किती, कोणासाठी, यातलं एक अक्षर विचारलं नव्हतं. पुढे तो माझ्या आतेबहिणीचा दीर निघाला. एका पानाची वेबसाइट बियाणं, खतं, फवारणी पंप असं करत फुगत गेली आणि शेवटी त्याच्या मुलाच्या वाढदिवसाचा बॅनरही मीच केला. आकडा मात्र तोच राहिला. तेव्हापासून मी कानाला खडा लावला: पहिल्या फोनवर फक्त विचारायचं आणि लिहून घ्यायचं. पैसे दुसऱ्या दिवशी, विचार करून, लेखी. पुण्याच्या ऑफिसात याला डिस्कव्हरी कॉल म्हणत. आई याला "तुझी चौकशी" म्हणते.

त्या शुक्रवारी अकोल्याहून फोन येणार होता आणि ते काम मला मिळायलाच हवं होतं. त्याला कारण बाबा. ते जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. दर महिन्याला पगार न येणारं काम म्हणजे त्यांच्या लेखी छंद. त्यांच्या ओळखीच्या मुख्याध्यापकांच्या शाळेत कॉम्प्युटर टीचरची जागा निघाली होती आणि सोमवारी हो की नाही सांगायचं होतं. "तोवर एखादं धड काम मिळालं तं मी काही बोलनार नाई," असं बाबा म्हणाले होते. मुलांना माऊस कसा धरायचा ते शिकवण्यात वाईट काहीच नाही. पण मला ते नको होतं. माझं काम माझं राहावं, एवढंच मला हवं होतं, आणि ते मला फार हवं होतं.

व्हिडिओ सुरू झाला. अकोल्याच्या बायपासवर मंगल कार्यालय चालवणारे एक गृहस्थ, साधारण बाबांच्या वयाचे, कपाळाचाच भाग दिसेल असा फोन धरून बसले होते.

"मॅडम, छोटंसंच काम हाये," ते म्हणाले. "आमाले ॲप पाहिजे. अमरावतीच्या एका लॉनवाल्याचं हाये तसं."

छोटंसं काम हा धोक्याचा पहिला लाल दिवा. मी वहीत टिंब काढलं.

"आधी कोणाकडून काही करून घेतलं होतं का?"

"तिघांकडून. तिघंही पयून गेले!"

दुसरं टिंब चांगलं ठसठशीत आलं. ज्याच्याकडून तीन जण पळाले त्याच्याकडे चौथीने का जावं? पुण्यात असते तर गोड बोलून फोन ठेवला असता. पण सोमवार डोक्यावर होता, आणि खरं सांगायचं तर मला रागही आला होता, म्हणून सरळ विचारलं, "काहून पळाले?"

वऱ्हाडी ऐकून त्यांनी फोन खाली घेतला. पहिल्यांदाच पूर्ण चेहरा दिसला. "आता कसं," ते म्हणाले, "बोला ना असं मोकळं." मग त्यांनी सगळं सांगितलं. पहिल्याने फोटो मागितले, ते यांनी पाठवलेच नाहीत. दुसऱ्याने पाठवलेला लाल रंग यांना आवडला, पण घरात पसंत पडला नाही. तिसऱ्याने हिरवा केला, तो घरात पसंत पडला आणि यांना नाही पडला. तो बिचारा लाल-हिरवं करत दिवाळीपर्यंत टिकला.

"म्हणजे शेवटचा शब्द कोणाचा?"

"माझाच!" ते छाती फुगवून म्हणाले. आणि मागून कुठूनतरी बाईचा खोकला ऐकू आला.

तो खोकला ऐकून माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. हा माणूस अवघड नव्हता, अर्धा होता. निर्णयाचा उरलेला अर्धा भाग पडद्यामागे बसून खोकत होता. मी म्हटलं, "काकूंना बोलवा, त्यांच्याशिवाय पुढचं विचारत नाही." त्या लगेच आल्या, म्हणजे दारामागेच होत्या. हात पुसत बसल्या आणि नवऱ्याच्या हातातला फोन नीट उभा करून ठेवला.

मग चौकशी खरी सुरू झाली. ॲप आत्ताच का पाहिजे? लॉनवाल्याकडे आहे म्हणून. लोक तुमच्यापर्यंत येतात कसे? तोंडोतोंडी, पुढचा सीझन जवळजवळ भरलाय. मग त्रास कशाचा आहे? काकू म्हणाल्या, "फोनचा. दिवसभर फोन. अमकी तारीख खाली हाये का, हॉल केवढा, गाड्या कुठं लावाच्या, जेवन बाहेरून आनता येते का. पोळी तव्यावर जळते."

तारखा त्या एका कॅलेंडरवर लिहितात, हे कळलं. फोटो त्यांच्याच मोबाइलमध्ये आहेत, हेही कळलं. म्हणजे यांना ॲप नकोच होतं. लग्नासाठी हॉल शोधणारा माणूस एका लग्नापायी ॲप घेऊन ठेवत नाही. यांना हवं होतं एक साधं संकेतस्थळ: हॉलचे फोटो, रिकाम्या तारखा, नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं आणि थेट व्हॉट्सॲपवर चौकशी. मी तसं सांगून टाकलं. ॲपचे पैसे जास्त मिळाले असते हे सांगताना मला कळत होतं, तरी जीभ आवरली नाही.

"मंग सांगा, किती होइन?" ते म्हणाले.

"उद्या लिहून पाठवते. तुमच्या मनात काही आकडा आहे का?"

"तुमीच सांगा ना अंदाजे."

तेच वलगाव. या वेळी मी दात घट्ट आवळले. "काका, कोणी फोनवर विचारलं की हॉलचे किती, तर सांगता तुम्ही?"

"असं कसं सांगनार? पाहुने किती, तारीख कोनती, एक दिवस की दोन, खोल्या किती..." बोलता बोलता ते थांबले आणि हसायला लागले. "बराबर हाये तुमचं. पाठवा उद्या." मग त्यांनी मनातला आकडाही सांगितला. तो वाईट नव्हता.

जिंकलेच होते मी. आणि नेमकं तेव्हा ते सहज म्हणाले, "आमी मूळचे नांदगाव खंडेश्वरचे."

मी "हो का" म्हणून पुढे सरकणार, एवढ्यात चहा घेऊन आलेली आई कप टेबलावर आपटून सरळ कॅमेऱ्यासमोर आली. नांदगाव हे तिचं माहेर. "नांदगावात कोनाचे तुमी?"

मी टेबलाखालून तिचा पदर ओढला. तिने तो सोडवून घेतला. वेटाळ, म्हणजे गल्ली, निघालं, वेटाळातली विहीर निघाली, विहिरीवरच्या बाभळीला बांधलेला झोका निघाला. मग ते गृहस्थ ओरडले, "अवो ताई, तुमी तं आमच्या गावची लेक! म्हंजे ही पोट्टी आपली भाची झाली ना!" आईच्या डोळ्यांत पाणी. माझ्याही, पण वेगळ्या कारणाने.

"चाला, आता तं घरचंच झालं काम," मामा झालेले क्लायंट म्हणाले. "आता काय भाचीसंगं पैशाचं बोलाचं!"

मी वही मिटली. शाळेतला फळा, खडू आणि माऊस मला समोर दिसायला लागले.

"काहून नाई बोलाचं?" आता मामी झालेल्या काकू म्हणाल्या. आवाज खोकल्यासारखाच, फक्त मोठा. "भाचीच्या पाया पडाचं असते, अन् तिचं फुकट खाता? मामानं भाचीले द्याचं असते का तिच्याकडून घ्याचं? मले नाई पाहिजे असं पाप घरात."

आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो, तिच्या हातावर काहीतरी ठेवतो. तिच्याकडून घेणं म्हणजे उलटी गंगा. हे मला लहानपणापासून माहीत होतं. नातं निघाल्यावर भाव पडतो एवढंच मी धरून बसले होते. काही नात्यांत तो पडूच शकत नाही, हे मला सुचलंच नव्हतं. इतकी वर्षं मी गाव लपवत बसले, मूर्ख कुठली.

"मी असं कुठं म्हटलं," मामा पुटपुटले. "पाठव बाप्पा, पाठव."

शनिवारी मी कोटेशन पाठवलं. वर फोनवर ठरलेलं सगळं थोडक्यात, ॲप का नको तेही. काय करणार, काय नाही, दुरुस्त्या दोनदा, त्यापुढे वेगळे पैसे. फोटो आल्यावरच काम सुरू, निम्मी रक्कम आधी. शेवटचा शब्द एकाच व्यक्तीचा, आणि ती व्यक्ती मामी. भाव तोच लिहिला जो अनोळखी माणसाला लिहिला असता, एक रुपयाही कमी नाही. रविवारी निम्मी रक्कम आली, वर एक रुपया जास्त. पाठोपाठ मामींचा निरोप: "रुपया भाचीचा. रंग निळा."

सोमवारी सकाळी मुख्याध्यापकांचा फोन आला. बाबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. शुक्रवारीही तो बंद होता, हे मला तेव्हा आठवलं. म्हणजे आतल्या खोलीत बसून त्यांनी सगळं ऐकलं होतं. माझ्याकडे न बघता ते फोनमध्ये म्हणाले, "नाई हो सर, दुसरं कोनी पाहा. आमच्या पोरीले टाइम नाई. तिचे अकोल्यापर्यंत क्लायंट हायेत."

मग फोन ठेवून, टीव्हीचा आवाज पुन्हा मोठा करत, मला म्हणाले, "भातकुलीवाल्या माह्या मित्राले वेबसाइट पाहिजे म्हने. त्याले सांगजो तू कोनाची ते."